मुलाची फुफ्फुसे निकामी नव्हती

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

विहिरीत सूर मारताना मान मोडलेल्या मुलाची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आली होती. ‘मानेला मार बसल्याने फुफ्फुसे निकामी झाली’ असे त्यात छापले आहे. मी भूलतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षे अतिदक्षता विभागात काढली आहेत, म्हणून सांगतो: अशा अपघातात फुफ्फुसे बहुधा ठणठणीत असतात. तुटतो तो त्यांना भात्यासारखी चालवणाऱ्या श्वासपटलाला मेंदूकडून येणारा हुकूम, आणि तो पोहोचवणारी तार निघते थेट मानेतून.

या तारेला फ्रेनिक नर्व्ह म्हणतात. मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जातंतूंतून ती जुळते. मोठा वाटा चौथ्याचा. मग मानेतल्या एका स्नायूवरून ती छातीत उतरते आणि हृदयाच्या कडेने जाऊन श्वासपटलाला भिडते. बरगड्यांखालच्या स्नायूची तार इतक्या वरून का? गर्भात श्वासपटलाची सुरुवात मानेजवळच होते. पुढे ते खाली सरकते आणि आपली तार सोबत ओढत नेते. (प्लीहा फुटून श्वासपटलाखाली रक्त साचले की रोग्याचा डावा खांदा दुखतो, तोही याच जुन्या नात्यामुळे.)

म्हणून मज्जारज्जू नेमका कुठे दुखावला, यावर सगळे ठरते. पहिल्या-दुसऱ्या पातळीवर पूर्ण इजा झाली तर मेंदूचा हुकूम तारेच्या उगमापर्यंतच पोहोचत नाही. श्वास जागच्या जागी थांबतो. हृदय काही मिनिटे चालू असते, तेवढ्यात कोणी तोंडाने श्वास दिला तरच माणूस वाचतो. ‘सुपरमॅन’ साकारणारे अभिनेते क्रिस्तोफर रीव्ह १९९५ साली घोड्यावरून पडले तेव्हा त्यांना अशीच इजा झाली आणि पुढे ते श्वासयंत्रावर राहिले. त्यांची तार आणि स्नायू शाबूत होते, तुटला होता फक्त वरचा हुकूम. म्हणूनच २००३ मध्ये श्वासपटलात विजेचे अग्र बसवून त्यांना काही काळ यंत्राविना श्वास घेता येऊ लागला. खालची तारच मेली असती तर हा उपाय चालला नसता.

तिसऱ्या पातळीच्या इजेतही बहुतेकांना यंत्र लागते. चौथ्याला सुरुवातीला लागते, पण पुष्कळ जण हळूहळू सुटतात. सूर मारताना बहुधा पाचव्याच्या आसपास मोडते. तिथे तारेचा मोठा भाग वाचलेला असतो, पण बरगड्यांचे आणि पोटाचे स्नायू गेलेले असतात. श्वास घेताना पोट वर येते आणि छाती आत जाते. पाहणाऱ्याला हे विचित्र दिसते, पण पोट वर येतेय म्हणजे श्वासपटल काम करते आहे. याउलट श्वासपटलच लुळे असेल तर श्वास आत घेताना पोट आत ओढले जाते.

मला सांगायचे आहे ते यापुढचे. माझ्या हाताखालून गेलेला असाच एक सतरा वर्षांचा मुलगा पहिल्या दिवशी नीट बोलत होता. एका श्वासात मोठ्याने अंक मोजायला सांगितले की पंचवीसपर्यंत जायचा. निरोगी माणूस सहज तीस-चाळीसच्या पुढे जातो. तिसऱ्या दिवशी तो चौदावर थांबू लागला. बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा मात्र तेव्हाही ९६ होता. मज्जारज्जूची सूज एखादी पातळी वर चढते, एकटे श्वासपटल थकते, खोकायला पोटाचे बळ नसल्याने कफ साचतो. हे सगळे पहिल्या चार-पाच दिवसांतच होते. बोटावरचा आकडा उशिरा घसरतो, मोजणी आधी घसरते.

त्या दिवशी नातेवाइकांनी ‘दम लागतोय’ म्हणून त्याला पलंगाची पाठ उचलून बसते केले होते. दम्याच्या किंवा हृदयाच्या रोग्याला त्याने आराम पडतो. याला उलटे झाले. पोटाचे स्नायू लुळे असल्याने बसताच आतडी पुढे-खाली लोंबतात, श्वासपटल आधीच सपाट होते आणि खाली ढकलायला जागाच उरत नाही. आडवे केले की तीच आतडी त्याला वर सारतात आणि श्वास मोठा होतो. (दोन्ही बाजूंच्या फ्रेनिक नर्व्ह गेलेला रोगी मात्र आडवा होताच गुदमरतो, त्याला बसवावेच लागते.) आम्ही मान स्थिर ठेवून मुलाला सपाट झोपवले, कफ काढला, आणि मोजणी चौदावरून एकोणीसवर आली. तरी रात्री दोन दिवसांसाठी नळी घालावी लागलीच. पुढे पोटाला रुंद पट्टा बांधून त्याला रोज थोडे थोडे बसवत गेलो.

आपल्या वार्ताहरांनी त्या मुलाच्या डॉक्टरांना इजा कितव्या पातळीवर आहे एवढे विचारून दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ, मिरज