गिफ्ट व्हाउचर मी मागवलेच नाहीत, माझे वॉलेटचे पैसे परत करा

प्रति,
कस्टमर केअर / तक्रार निवारण अधिकारी

सर/मॅडम,

मी देवगडला राहतो, तुमच्याकडे माझं बरंच जुनं अकाउंट आहे. गणपतीसाठी मागवलेला मिक्सर परत केला त्याचा रिफंड तुम्ही तुमच्याच वॉलेटमध्ये टाकलात, आणि परवा रात्री कोणीतरी त्यातून ५,००० चं ई-गिफ्ट व्हाउचर भलत्याच ईमेलवर पाठवलं. कार्डाला ओटीपी लागतो म्हणून चोराने कार्डाला हातच लावला नाही, वॉलेटला तुम्ही काहीच विचारत नाही, हे बरं माहीत होतं त्याला!

कळलं कसं तर रात्री मेलवर धडाधड कुठल्या कुठल्या वेबसाइटचे 'वेलकम' मेल यायला लागले, दोनेकशे तरी असतील. एवढा कचरा उगाच येत नाही, त्याखाली काहीतरी दडपायचं असतं. तुमच्या नावाने शोधलं तर इनबॉक्समध्ये काही नाही, ट्रॅशमध्ये मात्र ऑर्डर कन्फर्मेशन पडलेलं. मेलच्या सेटिंगमध्ये एक फिल्टर सापडला, तुमचा मेल आला की थेट डिलीट. तो मी केलेला नाही, म्हणजे आधी माझा मेलच त्यांच्या हातात होता. तुमच्या ॲपमध्येही ऑर्डर दिसेना कारण ती आर्काइव्ह करून ठेवलेली.

मग मी आधी मेलचा पासवर्ड बदलला, फिल्टर काढला, फॉरवर्डिंग आणि रिकव्हरी नंबर तपासले, कारण मेल त्यांच्याकडे असेल तर तुमचा पासवर्ड बदलून काय उपयोग, ते परत रिसेट करणार. त्यानंतर तुमचा पासवर्ड बदलला, सेव्ह केलेलं कार्ड काढलं, सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, पावती सोबत जोडली आहे.

आता खरी तक्रार. पासवर्ड बदलल्यावरही सकाळी अजून एक व्हाउचर गेलं, २,००० चं! म्हणजे चोराच्या फोनवरचं जुनं लॉगिन तुम्ही चालूच ठेवलंत. 'सर्व डिव्हाइसमधून लॉगआउट' हे बटण सेटिंगच्या तळाशी वेगळं आहे, ते दाबल्यावर थांबलं. पासवर्ड बदलला की बाकी सगळे आपोआप बाहेर पडले पाहिजेत ना? आणि तुमचा माणूस चॅटवर म्हणतो "सर, ऑर्डर तुमच्याच अकाउंटवरून झालीय". अरे बाबा, तीच तर तक्रार आहे!

मला पुढील गोष्टी हव्यात: दोन्ही व्हाउचर वापरले नसतील तर आजच ब्लॉक करा, वापरले असतील तर कुठल्या अकाउंटवर ते पोलिसांना द्या. त्या रात्रीच्या लॉगिनची वेळ, डिव्हाइस आणि आयपी जपून ठेवा, डिलीट करू नका. आणि ७,००० परत द्या, पण वॉलेटमध्ये नको, बँकेतच टाका.

उत्तर लेखी द्या, तक्रार क्रमांकासकट. फोन नको, सध्या तुमच्या नावाने येणाऱ्या कुठल्याच फोनवर मी विश्वास ठेवणार नाही.

तुमचा ग्राहक,
देवगड, जि. सिंधुदुर्ग