योनिकुटातल्या शून्यावर स्थळ मोडू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत गुणमेलनावर आलेला लेख वाचला. योनिकूट म्हणजे दोघांमधली नैसर्गिक ओढ, हे लेखात बरोबर सांगितलं आहे. पण शत्रू योनी आली की पुढे काय पाहायचं, हे त्यात आलं नाही. आणि नेमक्या तिथेच चांगली स्थळं हातची जातात, म्हणून हे पत्र.

एक उदाहरण घेऊ. मुलीचं नक्षत्र पूर्वा फाल्गुनी, म्हणजे मूषक योनी. मुलाचं पुनर्वसू, मिथुन राशीतलं, म्हणजे मार्जार. उंदीर-मांजर! चारपैकी शून्य. घरातली वडीलधारी माणसं इथेच पत्रिका मिटतात. पुढचे आकडे मात्र पाहा. नाडी आद्य आणि मध्य, म्हणून पूर्ण आठ. सिंह-मिथुन राशींमुळे भकुटाचे पूर्ण सात. रवी-बुधामुळे ग्रहमैत्रीचे चार. गण आणि तारा धरून एकूण पंचवीसच्या वर जातं, आणि अठरा गुण जमले की पत्रिका जुळते असं आपण मानतो. छत्तिसातल्या चार गुणांसाठी हे स्थळ का सोडायचं?

प्राण्यांच्या या जोड्या तरी सरळ निसर्गातून आल्या आहेत का? वाघ हरणाला खातो, पण कोष्टकात वाघाचं वैर गाईशी आणि हरणाचं कुत्र्याशी. घोड्याचं रेड्याशी, वानराचं मेंढ्याशी. जंगलात वानर आणि मेंढा एकमेकांच्या वाटेला कधी जातात? हे परंपरेनं ठरवलेले संकेत आहेत आणि ते संकेत म्हणूनच वाचावेत.

मुंगसाचं तर आणखी अवघड. चौदा प्राण्यांना दोन-दोन नक्षत्रं द्यायची तर अठ्ठावीस लागतात, म्हणून नकुल योनीत उत्तराषाढेबरोबर अभिजित येतं. मेलनात आपण सत्तावीसच धरतो, अभिजित गळतं. मग उत्तराषाढा नक्षत्राच्या मुलीला योनीचे पूर्ण चार गुण फक्त उत्तराषाढेच्याच मुलाकडून मिळणार, आणि तिथे एकनाडी होऊन आठ गुण जाणार. यात त्या मुलीच्या स्वभावाचा काय संबंध?

शून्य आलंच तर आधी जन्मवेळ तपासावी. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. वरच्या उदाहरणातला मुलगा पुनर्वसू लागता लागता जन्मलेला असेल आणि वेळ अंदाजानं लिहिलेली असेल, तर अर्ध्या तासाच्या फरकानं नक्षत्र आर्द्रा ठरतं. आर्द्रेची योनी श्वान, म्हणजे मांजर-उंदराचं वैर उरतच नाही. रुग्णालयाच्या कागदावरची वेळ आणि पंचांगातली नक्षत्र संपण्याची वेळ शेजारी ठेवली की हे लगेच कळतं.

आपल्या वधू-वर सदरात नुसते एकूण गुण छापण्याऐवजी आठही कुटांचे गुण वेगवेगळे छापावेत आणि जन्मवेळ नोंदीवरची की अंदाजाची, तेही लिहावं, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
सातारा