माणूस गेल्याचं सांगताना तुमचा निवेदक हसतो

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : वित्तीय सेवा पॅकमधील सदोष प्रॉम्प्ट आणि वाया गेलेली क्रेडिट परत मिळण्याबाबत

महोदय,

मी 19 वर्षं सांगलीत आयुर्विम्याचं काम करतो. यंदा जूनमध्ये तुमच्या व्हिडिओ सेवेचं वर्षाचं सदस्यत्व घेतलं आणि वर वेगळे पैसे मोजून ‘वित्तीय सेवा पॅक’ही घेतला. त्यात सहा कृत्रिम निवेदक आणि त्यांनी कसं बोलावं, कसे हातवारे करावेत याचे तयार प्रॉम्प्ट आहेत. त्या प्रॉम्प्टबद्दलच ही तक्रार आहे.

मला एक कोटीच्या टर्म प्लॅनवर दीड मिनिटाचा मराठी व्हिडिओ हवा होता. बघणारे म्हणजे माझे नेहमीचे लोक, रिक्षावाले आणि छोटे दुकानदार. संहिता मीच लिहिली. वागण्याच्या चौकटीत तुमचा प्रॉम्प्ट जसाच्या तसा टाकला :

```
Friendly, energetic, confident finance expert.
Warm smile, expressive hands, positive mood.
```

व्हिडिओ तयार झाला. “उद्या तुम्ही नसाल, तर घराचा हप्ता कोण भरेल?” हे वाक्य निवेदकाने भुवया उंचावून, दोन्ही हात पसरून, दात दाखवत म्हटलं. एका जुन्या ग्राहकाला मत विचारायला पाठवला, तर त्याचं उत्तर आलं : “साहेब, माणूस मेल्यावर हा एवढा खूश का?”

एजंटाची जाहिरात विमा कंपनीकडून आधी मंजूर करून घ्यावी लागते, म्हणून व्हिडिओ तिकडेही गेला होता. तिथून तो परत आला. आक्षेप एका शब्दावरही नव्हता. “अटी लागू” म्हणताना निवेदकाने माशी हाकलावी तसा हात झटकला होता. अटी किरकोळ आहेत असं त्यातून सूचित होतं, असा शेरा होता. तो मला पूर्ण पटला.

तुमच्या मदत कक्षाने सांगितलं, “प्रॉम्प्ट अधिक स्पष्ट लिहा.” मग मी हसरा काढून गंभीर घातला. पुढचा निवेदक असा खाली मान घालून बोलला की माझ्या मुलीने विचारलं, हा कुणाच्या तेराव्याला आलाय का. “हसू नको” असं लिहून पाहिलं, तरी तो हसलाच. अकरा वेळा व्हिडिओ बनवला आणि दर वेळी पूर्ण दीड मिनिटाची क्रेडिट कापली गेली.

त्यानंतर जे हाती लागलं ते मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण हे पॅकच्या पहिल्या पानावर असायला हवं होतं.

पहिली गोष्ट, विशेषणांनी काम होत नाही. ‘गंभीर’ म्हणजे किती गंभीर, हे यंत्राला कळत नाही, ते टोक गाठतं. त्याऐवजी ओळखीचा प्रसंग सांगितला आणि अंगाचा एकेक भाग कुठे असावा ते लिहिलं की फरक पडतो. शिवाय सगळ्या व्हिडिओला एकच प्रॉम्प्ट देऊन चालत नाही. मी संहितेचे चार तुकडे केले. हप्ता कोण भरेल हा प्रश्न आणि तंबाखूची सवय लपवली तर काय होतं, या दोन तुकड्यांना असं लिहिलं :

```
Bank officer explaining loan papers across a desk.
Lips closed between sentences. Hands resting on desk.
Head still on the last sentence. Slow pace.
```

“हसू नको”ऐवजी “दोन वाक्यांच्या मध्ये ओठ मिटलेले” हे चाललं, कारण काय करू नये यापेक्षा काय करावं हे त्याला समजतं. चौथ्या तुकड्यात, पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते हे सांगताना, मी हलकं स्मित मुद्दाम ठेवलं. तिथे दिलासाच द्यायचा आहे. सुतकी चेहऱ्याने दीड मिनिट बोलणाऱ्याकडून कोण विमा घेईल?

दुसरी गोष्ट मराठीची आहे आणि ती तुमच्यापैकी कुणी तपासलेली दिसत नाही. तुमचा निवेदक आवाजाच्या चढउतारावर मान आणि भुवया हलवतो. शब्दावर जोर आला की मान खाली जाते. मराठीत नकार बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो आणि जोरही तिथेच पडतो. त्यामुळे “दावा मिळणार नाही” म्हणताना निवेदक नेमका ‘नाही’वर होकारार्थी मान हलवतो. आवाज बंद करून बघा, तो ‘हो हो, मिळेल’ म्हणतोय असंच वाटतं. यावर प्रॉम्प्टने फारसं काही झालं नाही, वाक्यच बदलावं लागलं : “तंबाखूची सवय लपवली असेल, तर कंपनी दावा नाकारू शकते.” संहितेतली उद्गारचिन्हंही काढली, कारण प्रत्येक चिन्हागणिक आवाज चढायचा आणि आवाजामागोमाग हात उठायचे. रक्कम आकड्यात न लिहिता ‘एक कोटी रुपये’ अशी अक्षरी लिहिली, तेव्हा ती अडखळत वाचणंही थांबलं.

तिसरी गोष्ट मात्र सरळ तुमची चूक आहे. एवढं करूनही वाक्य संपलं की निवेदकाच्या ओठांवर स्मित परत यायचं. शेवटी मी एक प्रयोग केला. संहितेत फक्त “नमस्कार” लिहिलं आणि पुढे पाच सेकंदांचा विराम टाकला. त्या पाच सेकंदांत निवेदकाने स्वतःचा मूळ चेहरा दाखवला, आणि तो हसराच होता. खऱ्या माणसाचं ज्या चित्रीकरणावरून हा निवेदक बनवलाय, त्यात तो माणूसच हसत बसला असणार. मूळ चित्रीकरणात जे मुरलंय ते प्रॉम्प्टने पुसता येत नाही, फार तर दबतं. सहाही निवेदकांवर हाच प्रयोग केला तेव्हा चार हसरे निघाले. वित्तीय सेवांसाठी म्हणून विकलेल्या पॅकमध्ये मृत्यूच्या दाव्याबद्दल बोलू शकतील असे दोनच चेहरे आहेत, आणि ते कोणते हे तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही. साडी घेतानासुद्धा दुकानदार पदर उलगडून दाखवतो हो.

त्या दोघांपैकी एक निवडून बाराव्या वेळी व्हिडिओ बनवला. तो विमा कंपनीने मंजूर केला.

म्हणून माझी मागणी अशी. बाराव्या व्हिडिओचे पैसे मी आनंदाने देतो, आधीच्या अकरा वेळची क्रेडिट माझ्या खात्यात परत जमा करावीत. पॅकमधला तो प्रॉम्प्ट काढावा किंवा तो सणाच्या ऑफरसाठी आहे असं स्पष्ट लिहावं. प्रत्येक निवेदकाचा पाच सेकंदांचा न बोलणारा नमुना निवडीच्या पानावर दाखवावा. आणि पूर्ण व्हिडिओ बनवण्याआधी एखादा तुकडा दहा सेकंद मोफत पाहायची सोय द्यावी. कुठल्या वाक्याला मान कशी हलते एवढंच तपासायचं असतं, त्यासाठी दर वेळी दीड मिनिटाचे पैसे का?

तुमच्या शेवटच्या ईमेलमध्ये “आपण व्यावसायिक वापरकर्ते असल्याने परतावा लागू नाही” असं म्हटलं आहे. मी एकटा काम करतो आणि घर याच कमाईवर चालतं. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेल्या सेवेला व्यावसायिक वापर ठरवून परतावा नाकारणं मला मान्य नाही. 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवीन.

बाराही व्हिडिओ, विमा कंपनीचा शेरा आणि क्रेडिट कापल्याच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. तिसरा व्हिडिओ आवाज बंद करून जरूर पाहावा.

आपला,
एक विमा सल्लागार
सांगली