सभागृहातील प्रोजेक्टरचा पडदा : मागवण्याआधी मापे पाहावीत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय : १८० इंची पडद्याच्या कोटेशनबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या सभेत प्रोजेक्टरचे कोटेशन वाचून दाखवले गेले. गणेशोत्सवाआधी वस्तू घ्यायची म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. पण काल टेप घेऊन सभागृहात गेलो आणि हे पत्र लिहिणे भाग पडले. तो पडदा आपल्या सभागृहात बसत नाही.

कोटेशनमध्ये ‘१८० इंच’ असे आहे आणि खाली बारीक अक्षरात १२ × ९ फूट. १८० इंच हा कर्ण झाला. १२ आणि ९ फुटांचा कर्ण बरोबर १५ फूट येतो, म्हणजे आकडा खरा आहे. पण हे जुन्या टीव्हीचे ४:३ प्रमाण आहे. आपण दाखवणार क्रिकेटचे सामने, मुलांचे चित्रपट आणि कार्यक्रमांचे व्हिडिओ. हे जवळपास सगळे १६:९, म्हणजे रुंद आणि बुटके. शिवाय आपले छत साडेनऊ फुटांवर आहे. नऊ फूट उंच पडदा टांगला तर खालची कड जमिनीपासून जेमतेम सहा इंचांवर येईल आणि पुढच्या रांगेतली डोकी चित्रातच दिसतील.

आता प्रोजेक्टरकडे येतो. त्याच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो १.४८ ते १.७७’ दिला आहे. लेन्सपासून पडद्यापर्यंतच्या अंतराला चित्राच्या रुंदीने भागले की हा आकडा मिळतो. म्हणून उलट बाजूने, अंतराला थ्रो रेशोने भागले की रुंदी मिळते. झूमच्या दोन टोकांचे हे दोन आकडे आहेत. लहान आकड्याला चित्र मोठे येते, म्हणून सर्वांत मोठ्या चित्रासाठी १.४८ घ्यायचा. भागाकार कर्णाने नव्हे, रुंदीने होतो. गोंधळ बहुतेक इथेच होतो.

अंतर भिंतीपासून भिंतीपर्यंत धरून चालत नाही. आपले सभागृह २६ फूट लांब असले तरी मधला बीम छतापासून दीड फूट खाली आला आहे. प्रोजेक्टर त्याच्या मागे लावला तर प्रकाश बीमवर आपटेल, म्हणून तो बीमच्या पुढच्या अंगालाच लावावा लागेल. पडद्याच्या भिंतीपासून बीम १७ फूट २ इंच, म्हणजे २०६ इंचांवर आहे. पडदा भिंतीपासून चार इंच पुढे लटकेल आणि लेन्स बीमच्या दहा इंच पुढे येईल. राहिले १९२ इंच.

१९२ भागिले १.४८ म्हणजे सुमारे १३० इंच रुंदी. १६:९ प्रमाणात उंची ७३ इंच आणि कर्ण सुमारे १४९ इंच. म्हणजे लेन्सची मर्यादा इथेच संपते. बारा फुटी, म्हणजे १४४ इंच रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना सात-सात इंच आणि वर-खाली मिळून जवळपास तीन फूट कोरे कापड उरेल. विक्रेत्याने ‘३०० इंचांपर्यंत चित्र’ सांगितले तेही खोटे नाही, पण त्यासाठी ३२ फुटांहून अधिक अंतर लागते.

तरीही १४९ इंच घेऊ नये, कारण आपल्याला लेन्सच्या आधी उंची अडवते. पुढे सतरंजीवर मुले आणि मागे खुर्च्या असतात, तेव्हा खालची कड साडेतीन फुटांवर हवी. वर पडद्याच्या नळीला सहा इंच सोडले की ११४ पैकी ६६ इंच उरतात. १६:९ मध्ये त्याची रुंदी ११७ इंच आणि कर्ण सुमारे १३४ इंच. बाजारात १३३ इंची पडदा मिळतो, ११६ × ६५ इंच. तोच आपला सर्वांत मोठा पडदा.

तो या प्रोजेक्टरला जमतो का, हेही पाहिले. १९२ भागिले ११६ म्हणजे १.६६, दोन्ही टोकांच्या मधोमध. पत्रकातल्या आकड्यापेक्षा प्रत्यक्ष लेन्स थोडी वेगळी निघाली तरी झूममध्ये सांभाळता येईल. अगदी टोकावरचा पडदा घेतला तर ती सोय राहत नाही. मी ज्या शाळेत नोकरीला होतो तिथे नेमके हेच झाले होते. पडदा आधी आला, चित्र चारही बाजूंनी लहान पडले आणि प्रोजेक्टर मागे सरकवायला जागा नव्हती. ती पांढरी चौकट वर्षानुवर्षे तशीच पाहिली.

माझी विनंती अशी की प्रोजेक्टर तोच ठेवून पडदा १६:९ चा, १३३ इंची मागवावा आणि कोटेशनवर कर्णासोबत रुंदी-उंचीही लिहून घ्यावी. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विक्रेत्याला प्रोजेक्टर आणून बीमजवळ शिडीवर धरायला सांगावे. भिंतीवर ११६ × ६५ इंचांची खडूची चौकट मी आखून ठेवतो. चित्र तिच्यात बसले पाहिजे आणि पुढच्या पंख्याची सावली त्यावर पडता कामा नये. पडली तर पंख्याचा दांडा आखूड करावा लागेल, तो खर्च आत्ताच धरलेला बरा. शनिवारी संध्याकाळी मी टेप घेऊन हजर राहीन.

कळावे,

आपला नम्र,
एक सभासद, बी विंग

प्रत : मा. सचिव, मा. खजिनदार