बाबा, वर्ष वाया जाणार नाही, पण अर्ज नीट लिहावा लागणार आहे

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर माझ्या परदेशातल्या एक्स्चेंज सेमिस्टरबद्दल बाबा एकच विचारत होते, "वर्ष वाया जाणार का?" आणि मी "नाही हो" म्हणून विषय बदलला, ते बरोबर नव्हतं. तेव्हा मलाच पक्कं माहीत नव्हतं. गेले दहा दिवस ऑफिस, एचओडी सर, परीक्षा विभाग असं फिरून आता कळलंय, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, चष्मा लावून वाचा.

जायचंय स्वीडनला, लुंड नावाच्या गावी, तिथल्या युनिव्हर्सिटीत, फक्त सहावं सेमिस्टर. आपल्या कॉलेजचा त्यांच्याशी करार आहे, त्यामुळे तिथली ट्यूशन फी नाही, फी इथलीच भरायची. मी जर्मनीही बघितलं होतं पण तिथलं उन्हाळी सेमिस्टर एप्रिलला सुरू होतं, आपलं जानेवारीत, म्हणजे इथलं अर्धं बुडणार आणि तिथलं संपेपर्यंत इथे सातवं सेमिस्टर चालू झालेलं असणार. स्वीडनचं जानेवारीच्या मध्याला सुरू होऊन जूनच्या पहिल्या आठवड्यात संपतं, आपल्या वेळापत्रकाशी जवळजवळ जुळतं. देश निवडायचं पहिलं कारण हेच, बाकी सगळं नंतर.

आता अर्जाचं. मी पहिला अर्ज लिहिला त्यात विषय टाकला होता "एका सत्रासाठी रजा मिळणेबाबत". ऑफिसमधल्या काकांनी तो वाचला आणि मला बाजूला बोलावून सांगितलं की पोरी, रजा म्हणालीस की आम्ही नियमाप्रमाणे टर्म ड्रॉप दाखवणार, मग तू खालच्या बॅचबरोबर परत सहावं सेमिस्टर करणार. म्हणजे बाबांना वाटणारी भीती खरीच होती! एका शब्दावर वर्ष जात होतं. मग मी विषय बदलला: "एक्स्चेंज सेमिस्टरसाठी परवानगी व क्रेडिट ट्रान्सफरला पूर्वमंजुरी मिळणेबाबत". आणि आत स्पष्ट लिहिलं की त्या काळात मी कॉलेजच्या रोलवरच राहीन, पंच्याहत्तर टक्के हजेरीची अट तिथल्या हजेरीवर धरावी, आणि टर्म ग्रँट व्हावी.

पूर्वमंजुरी हा शब्द महत्त्वाचा आहे. आमचा एक सीनियर असाच दुसऱ्या देशात जाऊन आला, सगळं तोंडी "होऊन जाईल" वर गेला, आणि परत आल्यावर त्याचे दोन विषय सिलॅबस जुळत नाही म्हणून नाकारले, सहा क्रेडिट बॅकलॉग दाखवले. पोरगा हुशार, तिथे पास झालेला, पण कागद नव्हता.

क्रेडिटचा हिशेब असा. तिथे एका सेमिस्टरला 30 क्रेडिट, आपल्याकडे माझं सहावं सेमिस्टर 20 चं. त्यांचं दीड क्रेडिट म्हणजे एक आठवडा पूर्ण वेळ अभ्यास, चाळीस तास, त्यात लेक्चर कमी आणि स्वतः बसून केलेलं जास्त. म्हणून कॉलेज त्यांचे तीन म्हणजे आपले दोन असं धरतं. त्यांचा एक विषय साडेसातचा, म्हणजे आपले पाच. चार विषय घेतले की वीस झाले, बरोब्बर जुळलं, आणि मला वाटलं संपलं.

पण बाबा, आकडे जुळले तरी विषय जुळत नाहीत. माझ्याकडे स्टील डिझाइन आहे, चार क्रेडिटचा. आपल्याकडे तो आयएस 800 या भारतीय मानकावर शिकवतात, तिकडे युरोकोड या युरोपच्या मानकावर. लोखंड तेच, पण सेफ्टीचे फॅक्टर वेगळे, तक्ते वेगळे, आणि उद्या मला इथे पूल किंवा शेड डिझाइन करायची असेल तर आयएसच लागणार. एचओडी सर म्हणाले हा विषय मी तिकडचा धरणार नाही, आणि मला ते पटलं, उगाच भांडले नाही. मग तोडगा असा काढला की कॉलेज जून-जुलैत नापास मुलांसाठी समर टर्म घेतं, त्यात मी नापास नसतानाही मला बसू द्यावं. उरलेले सांडपाणी, हायड्रॉलॉजी आणि दोन इलेक्टिव्ह असे सोळा क्रेडिट लुंडमधून येतील, त्यांचे वरचे चार हिशेबात येणार नाहीत, ते सोडून द्यायचे. हायड्रॉलॉजीचा तिकडचा कोर्स मी मुद्दाम घेतलाय, तुम्ही कालव्याच्या गेजवर वही घेऊन उभे राहायचात ना, तेच पाण्याचं मोजमाप आहे, फक्त तिकडे बर्फ वितळण्याचाही हिशेब असतो.

आणखी एक, मी चारऐवजी सहा विषय मंजूर करून घेतेय. तिथे पोचल्यावर एखादा कोर्स भरलेला असतो किंवा दोघांची वेळ एकच येते, मग तिथून मेल करून मंजुरी मागत बसायचं नाही.

मार्कांचं पण बघावं लागलं. तिथे इंजिनिअरिंगला 3, 4, 5 असे ग्रेड देतात, 5 सगळ्यात चांगला, नापासाला यू. परीक्षा विभागातल्या मॅडमनी पहिल्यांदा 4 बघून विचारलं, "दहापैकी चार?" तसं सिस्टीममध्ये भरलं असतं तर माझा सीजीपीए बसलाच असता. म्हणून ठरलंय की नुसतं पास धरायचं, क्रेडिट मिळतील पण सीजीपीएत मोजायचं नाही. तिकडे 5 मिळाला तरी इथे वाढणार नाही, ते चालेल मला.

खरी काळजी मला जुलैची आहे. तिकडची मार्कशीट यायला वेळ लागतो आणि इथे सातव्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशन आणि प्लेसमेंट तेव्हाच सुरू होतं. कंपन्या म्हणतात लाइव्ह बॅकलॉग नको, आणि सिस्टीममध्ये सहावं सेमिस्टर रिकामं दिसलं की ते बॅकलॉगच दिसतं. म्हणून अर्जात शेवटची मागणी अशी की तोवर प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशन द्यावं आणि प्लेसमेंट सेलला "निकाल प्रतीक्षेत" असं पत्र द्यावं. एचओडी सरांनी सही केलीय, आता अकॅडमिक कौन्सिलच्या बैठकीत जाईल. तिथून लेखी आल्याशिवाय मी तिकीट काढणार नाही, हा माझा शब्द.

आता तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. सोबत पालकांचं हमीपत्र पाठवलंय, बाबा, तारीख टाकून सही करा, आणि तिसऱ्या ओळीत समर टर्मचा उल्लेख आहे ना तेवढं बघा, तुम्ही आयुष्यभर सरकारी कागद वाचलेत, तुमच्या नजरेतून सुटणार नाही. दुसरं, रेसिडेन्स परमिटसाठी राहण्याखाण्याचे पैसे माझ्याच नावाच्या खात्यात दाखवावे लागतात, तुमच्या खात्यातले चालत नाहीत. त्यासाठी एफडी आत्ता मोडू नका, ताईशी बोलून दिवाळीपर्यंत ठरवू, परवानगीच आली नाही तर व्याज कशाला घालवायचं.

आई, पाच महिने मी नसणार, तुझ्या गुडघ्याचं मला सारखं डोक्यात आहे. एक्स-रे डिसेंबरच्या आत करून घे, मी स्वतः येते सोबत, सुट्टी टाकलीय दोन दिवस. आणि व्हिडिओ कॉलची वेळ आत्ताच सांगून ठेवते, मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिकडे आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, तेव्हा तुमची रात्रीची जेवणं होतील आणि माझी शेवटची तासिका संपलेली असेल.

हमीपत्र कुरिअरने पाठवा, त्याआधी फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाका.

तुमची,
छोटी