आंबवलेलं पीठ आणि दारू सोडलेला माणूस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आंबवलेल्या पदार्थांत अल्कोहोल असतं, अशी माहिती आली होती. माहिती चुकीची नाही, पण किती असतं हे त्यात कुठेच नव्हतं. माझ्या धाकट्या भावाने सहा वर्षांपूर्वी दारू सोडली. ती पुरवणी वाचल्यापासून तो आंबवलेल्या पिठाचं काहीही ताटात घेईना. पिकलेलं केळंही बाजूला सारू लागला. मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून त्याच्यासमोर बसून हिशेब केला. तोच इथे लिहिते, कारण त्याच्यासारखे वाचक आणखीही असतील.

पीठ फुगतं ते आतल्या वायूमुळे. ते आंबवणाऱ्या जिवाणूंपैकी काही जण साखरेतून नुसतं आम्ल करतात. काही मात्र एकाच साखरेचे तीन वाटे करतात: आंबटपणा आणणारं लॅक्टिक आम्ल, कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल. कधी अल्कोहोलऐवजी व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल तयार होतं. म्हणजे पिठात जितका वायू, साधारण तितकंच अल्कोहोल, फार तर त्याहून कमी. वजनंही जवळजवळ सारखी येतात. त्यामुळे वायू मोजला की अल्कोहोलचा अंदाज घरबसल्या बांधता येतो. दही लावलं की ते फुगत नाही, कारण विरजणातले जिवाणू जवळपास फक्त आम्लच करतात. दह्यात बुडबुडे दिसले तर दुसरं काहीतरी शिरलंय असं समजावं.

रात्री मी एक लिटर पीठ पारदर्शक बरणीत ओतलं आणि पातळीवर रबरबँड चढवला. सकाळी पीठ बरोबर दुप्पट झालं होतं. म्हणजे एक लिटर वायू आत अडकला होता. तेवढ्या कार्बन डायऑक्साइडचं वजन खोलीच्या तापमानाला सुमारे 1.8 ग्रॅम भरतं, म्हणून अल्कोहोलही दोन ग्रॅमच्या आसपास धरलं. थोडा वायू वर फुटून निघून गेला असणार, म्हणून हात सैल सोडून आकडा दुप्पट केला: अख्ख्या बरणीत चार ग्रॅम. भावाच्या वाट्याला येणार त्यातला चौथा भाग, म्हणजे एक ग्रॅम, तोही कच्च्या पिठात.

आता शिजवण्याचं. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं म्हणून शिजवल्यावर ते सगळं उडून जातं, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. पाण्यात मिसळलेलं अल्कोहोल इतक्या सहजासहजी सुटत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात पंधरा मिनिटं शिजवलेल्या पदार्थात मूळ अल्कोहोलपैकी सुमारे 40 टक्के उरतं, असं दिलं आहे. तोच आकडा धरला तर भावाच्या ताटात उरतं 0.4 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एका पेयात 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरते. तेवढं पोटात जायला त्याला असे पंचवीस वाटे एका बैठकीत खावे लागतील. प्रौढ माणसाचं यकृत तासाला साधारण सात ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. 0.4 ग्रॅमला चार मिनिटंसुद्धा लागत नाहीत. घास चावून होईतो मागचा हिशेब मिटलेला असतो.

फळाचं याहून कमी. पिकताना फळाच्या गाभ्यात प्राणवायू पुरेसा पोचत नाही, तेव्हा त्याच्या पेशी स्वतःच थोडं अल्कोहोल बनवतात. पिकल्या फळाचा घमघमाट ज्या संयुगांचा असतो, त्यातली काही याच अल्कोहोलपासून तयार होतात. जर्मनीतल्या संशोधकांनी 2016 मध्ये मोजलं, तेव्हा अगदी पिकलेल्या केळ्याच्या शंभर ग्रॅम गरात 0.04 ग्रॅम अल्कोहोल निघालं. पॅकबंद गोड पावांत मात्र शंभर ग्रॅमला एक ग्रॅमहून जास्त सापडलं, आणि पाव खाताना कुणालाच शंका येत नाही.

तरीही भावाची धास्ती बिनबुडाची होती असं मी म्हणणार नाही. ती चुकीच्या भांड्यावर बसली होती, एवढंच. पिठात जिवाणूंना आयती साखर थोडीच मिळते आणि आंबटपणा वाढला की त्यांचंच काम मंदावतं. गोड पेयाचं तसं नाही. एक लिटर फळांच्या रसात शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते. यीस्ट शिरलं तर साखरेच्या जवळपास निम्म्या वजनाचं अल्कोहोल होऊ शकतं. साखरेचा पाचवा हिस्सा जरी आंबला, तरी त्या लिटरमध्ये दहा ग्रॅम, म्हणजे अख्खं एक पेय तयार होतं. घरी बाटलीबंद केलेला कोम्बुचा हा आंबवलेला गोड चहा, उरलेल्या रसाची झाकण घट्ट लावलेली बाटली, साखर घालून ठेवलेल्या फळांच्या फोडी, हे सगळं याच माळेतलं. फ्रिजमध्ये आंबणं मंदावतं, थांबत नाही.

हे आम्हाला अनुभवाने कळलं. रसाची अर्धा लिटरची बाटली तीन दिवस बाहेरच राहून गेली होती. झाकण उघडताना फुस्स झालं, ते भावाने मनावर घेतलं नाही. पहिला घोट तोंडात गेला आणि त्याने तो मोरीत थुंकला. घोटातलं अल्कोहोल किरकोळ होतं, पण चव आणि वास ओळखीचे होते. तो दिवसभर कुणाशी बोलला नाही आणि संध्याकाळी दारू सोडलेल्या आपल्या सोबत्यांच्या बैठकीला गेला. माझ्या ग्रॅमच्या हिशेबात हे कुठेच बसत नाही. म्हणून दारू सोडलेल्या माणसाच्या घरात फुगलेली बाटली, उघडताना येणारा आवाज, वर चढणारे बुडबुडे, कमी झालेली गोडी आणि नाकात चढणारा तिखट फळासारखा वास यांपैकी एक जरी लक्षण दिसलं, तरी चाखून खात्री करू नये, सरळ ओतून द्यावं.

आणखी एका गटासाठी वेगळं लिहायला हवं. दारू सुटावी म्हणून काहींना डायसल्फिराम गोळी दिलेली असते. ती अल्कोहोलपासून बनणारं ॲसिटाल्डिहाइड शरीरात साचवते, त्यामुळे थोड्याशा अल्कोहोलनेही चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, उलट्या, छातीत धडधड असं होऊ शकतं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तो धोका राहतो. या लोकांनी माझा वरचा हिशेब स्वतःला लावू नये. खोकल्याचं औषध, व्हिनेगर आणि आंबवलेली पेयं यांबद्दल गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना नावानिशी विचारावं. ज्यांचं व्रत धर्माचं किंवा मनाचं आहे, त्यांनी थेंबभरही नको म्हटलं तर तो त्यांचा निर्णय. फक्त त्यांच्या यादीत पावही येतो, हे त्यांना माहीत असावं.

पुरवणीत हा विषय पुन्हा आला तर पदार्थासमोर अल्कोहोलचे ग्रॅम छापावेत आणि डायसल्फिरामची सूचना वेगळ्या चौकटीत द्यावी, ही विनंती. भावाने परवा त्याच पिठातले चार घास खाल्ले. रसाची बाटली मात्र तो आता स्वतः उघडत नाही, आधी मला वास घ्यायला लावतो.

आपली,
एक नियमित वाचक