प्रीलोडनंतरचा तासभर

प्रिय मित्रा,

गेमचा प्रीलोड सुरू झालाय आणि डिस्कवर जागा किती ठेवायची, असं तू विचारलंस. स्टीमपुरतं सांगतो, कारण तिथेच ऐन वेळी घोळ होतो.

प्रीलोडमध्ये, म्हणजे गेम सुटायच्या आधीच, उतरणाऱ्या फाइल्स कुलूपबंद असतात. त्या उघडायची किल्ली सर्व्हरकडून गेम सुटायच्या क्षणीच मिळते. म्हणून कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे करून काही उपयोग नाही आणि त्या क्षणी इंटरनेट चालू लागतंच. किल्ली आली की स्टीम फाइल्स उलगडून पुन्हा डिस्कवर लिहितं. तोवर जुन्या फाइल्सही जागा अडवून असतात, लोक फसतात ते इथेच.

तुझ्यासारखंच उदाहरण घे. डाउनलोड ८५ जीबी आणि स्टोअरच्या पानावर लागणारी जागा १२० जीबी, असं समज. हे दोन आकडे वेगळे असतात, कारण डाउनलोड दाबून लहान केलेलं असतं. मी दोन्हींची बेरीज धरतो, म्हणजे २०५, आणि पहिल्या दिवशीच्या पॅचसाठी वर १५. एकूण २२० जीबी मोकळी असली की निश्चिंत. उलगडून झालं की बरीचशी जागा परत मिळते. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते, तेव्हा हिशेब तिथे दिसणाऱ्या आकड्यावरूनच कर.

वेळेचं गणित सोपं आहे. ५० एमबीपीएस लाइन म्हणजे सेकंदाला जेमतेम सव्वासहा मेगाबाइट. ८५ जीबीला पावणेचार तास, पण वेग कायम तेवढाच राहत नाही, म्हणून सहा तास धर. उलगडायला मात्र इंटरनेटचा नाही, डिस्कचा वेग लागतो. फिरत्या हार्ड डिस्कवर एकीकडे वाचणं, दुसरीकडे लिहिणं चालतं, त्यामुळे अर्धा-पाऊण तास किंवा जास्तही जातो. एसएसडीवर काम पुष्कळ लवकर उरकतं. त्यामुळे गेम शक्यतो तिथेच टाक.

या टप्प्यात डाउनलोडच्या पानावर नेटवर्कचा आकडा शून्य दिसतो. घाबरून पॉज करू नकोस. डिस्कचा आलेख हलत असेल तर काम चालू आहे. तोही बराच वेळ सपाट राहिला आणि जागा संपल्याचा संदेश आला, तर दुसरं काहीतरी काढून जागा कर आणि पुन्हा सुरू कर. `steamapps` मधलं `downloading` फोल्डर मात्र हाताने पुसू नकोस, नाहीतर ८५ जीबी पुन्हा उतरवावे लागतील.

आता सुटायची वेळ. काही गेम जगभर एकाच क्षणी उघडतात, काही त्या त्या ठिकाणच्या मध्यरात्री. घोषणेत सकाळी ९ पीटी, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ, असं लिहिलं असेल, तर तिथल्या उन्हाळ्यात ते १६:०० यूटीसी आणि हिवाळ्यात १७:०० यूटीसी. हा एक तास हमखास चुकतो. म्हणून आधी यूटीसीत बदलून मगच आपल्या घड्याळाशी जुळव, आणि तारीख उलटते का तेही बघ. त्या वेळेच्या थोडं आधी स्टीम बंद करून पुन्हा उघड. खेळायचं ठरवताना मात्र उलगडण्याचा वेळ वर धर.

तुझाच,
मित्र